सलाइनचे थेंब ठरवताना: वॉर्डात नव्याने आलेल्यांसाठी

चार्टवर लिहिलेलं असतं मिलीमध्ये आणि तासांत. आपल्या हातात मात्र असतो एक रोलर, आणि डोळ्यांपुढे पडणारे थेंब. या दोहोंची सांगड घालायची असते, तीही बहुतेक वेळा उभ्या उभ्या, एका हातात ट्रे असताना आणि कॉटशेजारचे काका “दीदी, बॉटल ज़रा तेज कर दो ना, सुबह से चढ़ रही है” म्हणत असताना. इंदूरच्या आपल्या मराठी घरांतल्या बऱ्याच मुली सध्या नर्सिंगला आहेत. शाळेत गणित हिंदीतून, कॉलेजात इंग्रजीतून आणि घरी आईशी बोलणं मराठीतून, त्यामुळे हे सगळं एकदा मराठीत सरळ मांडावं असं वाटलं. गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल इतकं सोपं आहे. चुका होतात त्या गणिताच्या आधी आणि गणिताच्या नंतर, म्हणून तिथेच मी जास्त रेंगाळणार आहे.

जनरल वॉर्डात प्रत्येक कॉटला इन्फ्यूजन पंप नसतो. बाटली स्टँडवर उंच टांगायची आणि द्रव स्वतःच्या वजनाने शिरेत उतरू द्यायचा, हीच नेहमीची पद्धत. ही पद्धत कशी सांभाळायची तेवढंच इथे सांगते.

आधी सेटचं पाकीट वाचा

थेंब म्हणजे काही ठरलेलं माप नव्हे. थेंब केवढा पडणार हे सेटच्या चेंबरमध्ये वरून डोकावणाऱ्या तोंडावर अवलंबून असतं. तोंड रुंद असेल तर थेंब मोठा आणि अरुंद असेल तर लहान. म्हणून प्रत्येक सेटच्या पाकिटावर १ मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं. आपल्याकडे वॉर्डात येणारा साधा आयव्ही सेट बहुधा २० थेंबांचा असतो. मायक्रो सेट, म्हणजे ज्याच्या चेंबरमध्ये वरून सुईसारखी बारीक धातूची नळी लोंबताना दिसते तो, ६० थेंबांचा. लहान मुलांसाठीचा बुरेट असलेला सेटही सहसा ६० चाच. काही कंपन्यांचे साधे सेट १५ थेंबांचेही येतात. म्हणून “आपल्याकडे वीसचाच असतो” असं गृहीत धरू नका. खरेदी बदलली की सेट बदलतो आणि ते वॉर्डात कुणी येऊन सांगत नाही. पाकीट फाडल्यावर ते लगेच पिवळ्या, लाल किंवा कुठल्या बादलीत टाकायचं याचा विचार करण्याआधी त्यावरचा हा एक आकडा वाचा.

सेटची अदलाबदल झाली तर काय होतं ते खाली उदाहरणात दिसेलच. तूर्त एवढंच लक्षात ठेवा की २० च्या साध्या सेटचा एक थेंब मायक्रो सेटच्या तीन थेंबांएवढा असतो.

मग ऑर्डर वाचा, पण पूर्ण

ऑर्डरमध्ये तीन गोष्टी हव्यात: कोणता द्रव, किती मिली आणि किती वेळात. जुने डॉक्टर अजूनही “दोन पाइंट एनएस, एक पाइंट आरएल” असं लिहितात. वॉर्डाच्या भाषेत पाइंट म्हणजे ५०० मिलीची बाटली. पण “तीन पाइंट” एवढंच लिहिलेलं असेल आणि वेळ लिहिलेला नसेल, तर वेळ आपण ठरवायचा नाही. विचारायचं. चोवीस तासांत तीन पाइंट आणि सहा तासांत तीन पाइंट, ही दोन अगदी वेगळी औषधं समजा. अंगातलं पाणी कमी झालं म्हणून आलेल्या विशीतल्या मुलाला जे चालतं, ते हृदय थकलेल्या आजीला चालत नाही.

बाटलीत काही मिसळायचं असेल तर त्याचे मिलीही धरायचे. पोटॅशियम क्लोराइडचा नेहमीचा अँप्यूल १० मिलीचा असतो आणि त्यात २० एमईक्यू पोटॅशियम असतं. ५०० मध्ये १० मिळवल्याने थेंबांत फारसा फरक पडत नाही, पण १०० मिलीच्या बाटलीत १० मिली घातले तर पडतो. १०० मिली अर्ध्या तासात द्यायचे असतील तर साध्या सेटवर ६७ थेंब येतात, तर ११० मिलीला ७३.

सूत्र

थेंब दर मिनिटाला = (एकूण मिली × सेटचे थेंब) ÷ एकूण मिनिटं

एकूण मिनिटं म्हणजे तास गुणिले ६०. खूपदा मुली तासांनीच भागून मोकळ्या होतात आणि उत्तर हजारांत येतं. असं उत्तर आलं की काय चुकलं ते लगेच कळतं, म्हणून ही चूक फारशी धोक्याची नाही. धोक्याची ती, जिचं उत्तर खरं वाटतं.

वॉर्डात कागद-पेन घेऊन बसायला वेळ नसतो, म्हणून दोन पायऱ्यांत करा. पहिल्यांदा मिली दर तासाला काढा. नंतर त्याला भागा: सेट २० चा असेल तर ३ ने, १५ चा असेल तर ४ ने, आणि ६० चा असेल तर भागायचंच नाही, कारण तिथे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. हे ३ आणि ४ कुठून आले हे एकदा स्वतः करून पाहा. ६० ला २० ने भागलं की ३, आणि १५ ने भागलं की ४. कारण माहीत असलं की कुणी भर गर्दीत “चारने भाग ना” म्हणालं तरी गोंधळायला होत नाही.

पहिली पायरी वाचवायचा मोह टाळा. मिली दर तासाला हा आकडा पुढे पुन्हा पुन्हा लागतो. बाटली किती रिकामी व्हायला हवी होती, हे त्याच्यावरूनच कळतं.

एक केस, सुरुवातीपासून

समजा रामबागेतले एक आजोबा उलट्यांमुळे दाखल झालेत. पोटॅशियम थोडं कमी आलंय, लघवी व्यवस्थित होतेय. डॉक्टरांनी लिहिलंय: एनएस ५०० मिली, त्यात केसीएल एक अँप्यूल, ६ तासांत. दुपारचे दोन वाजलेत.

केसीएल आधी बाटलीत घालायचं, बाटली अनेकदा उलटसुलट करून नीट मिसळायची, लेबल लावायचं आणि मगच टांगायची. टांगलेल्या बाटलीत वरून सुई खुपसून केसीएल सोडायचं नाही. ते जड असल्याने तळाशी, म्हणजे सेटच्या तोंडापाशीच, साचतं आणि पहिल्या काही मिनिटांत घट्टच्या घट्ट आत जातं. नीट मिसळून झालं की एकूण ५१० मिली.

५१० भागिले ६ म्हणजे तासाला ८५ मिली. पाकिटावर २० लिहिलंय, म्हणून ८५ भागिले ३, म्हणजे २८.३. अर्धा-पाव थेंब पाडता येत नाही, म्हणून २८ धरा. सूत्राने पडताळून बघायचं तर ५१० गुणिले २० म्हणजे १०२००, भागिले ३६० मिनिटं, तेच २८.३.

आता सेटची गफलत झाली तर काय होईल ते बघा. कुणी मायक्रो सेट लावला आणि थेंब मात्र २८ ठेवले, तर तासाला फक्त २८ मिली जातील. सहा तासांची बाटली अठरा तास चालेल. आजोबांना वेळेवर पाणी मिळणार नाही, पण लगेच काही बिघडणार नाही. उलट झालं तर? मायक्रो सेटचं गणित करून चार्टवर “८५ थेंब” लिहिलं आणि प्रत्यक्षात साधा सेट लावला, तर तासाला २५५ मिली जातील. बाटली दोन तासांत संपेल आणि वीस एमईक्यू पोटॅशियम दोन तासांत आत जाईल, म्हणजे तासाला दहा. हाताच्या शिरेतून, मॉनिटर नसताना, साधारणपणे ओलांडायची नाही म्हणतात ती हीच रेषा. पाण्याचा भार वेगळाच. म्हणून चार्टवर नुसता “८५” लिहू नका. “८५ मिली/तास, २० चा सेट, २८ थेंब” असं पूर्ण लिहा. तीन शब्द जास्त लागतात, पण पुढच्या सिस्टरला सेट बघून ताळा करता येतो.

थेंब मोजण्याची रीत

चेंबर अर्ध्याच्या थोडं खालपर्यंत भरलेलं असावं. पूर्ण भरलं तर थेंब दिसतच नाहीत. तसं झालं तर रोलर बंद करा, बाटली सरळ धरा आणि चेंबर हलकेच दाबून जास्तीचा द्रव बाटलीत परत ढकला. बाटली आजोबांच्या हातापासून साधारण एक मीटर उंच टांगा. रोलर नळीच्या मध्यावर कुठेतरी असू द्या, म्हणजे फिरवताना आजोबांचा हात ओढला जाणार नाही.

आता मोजणी. सेकंदकाटा किंवा मोबाइलचं स्टॉपवॉच चेंबरच्या अगदी शेजारी धरा, डोळ्यांच्या रेषेत. घड्याळ भिंतीवर आणि थेंब कॉटजवळ, अशी मान फिरवत मोजणी होत नाही. एक थेंब पडतो त्या क्षणी घड्याळ सुरू करा आणि त्या थेंबाला “शून्य” म्हणा. पुढचा “एक”, त्यापुढचा “दोन”. नव्या मुली पहिल्याच थेंबाला “एक” म्हणतात आणि एक थेंब जास्त मोजला जातो. मिनिटभर मोजलं तर एकाने फारसं बिघडत नाही. पण बहुतेकजणी १५ सेकंद मोजून चारने गुणतात, आणि मग हाच एक थेंब चार होऊन बसतो. आपल्याला १५ सेकंदांत ७ थेंब हवेत. चुकून ८ मोजले तर तुम्हाला ३२ वाटतील, तुम्ही रोलर आवळाल, आणि खरं तर थेंब बरोबर होते ते कमी होऊन बसतील.

म्हणून रोलर बसवताना १५ सेकंदांची मोजणी चालेल, कारण तेव्हा अंदाजच हवा असतो. पण चार्टवर लिहायचा आकडा पूर्ण एका मिनिटाच्या मोजणीचा असू द्या. थेंब कमी असतील, दहा-बारा वगैरे, तेव्हा तर पूर्ण मिनिटाला पर्यायच नाही. साध्या सेटवर दहाच्या खाली थेंब टिकवणं जवळजवळ अशक्य असतं. रोलर केसभर हलला तरी दर निम्मा किंवा दुप्पट होतो. इतकं हळू द्यायचं असेल तर मायक्रो सेट मागा.

आजोबांची बाटली सुरू झाली तेव्हा अडीच वाजले होते. दोनची ऑर्डर होती, तरी हिशेब अडीचपासून धरायचा, म्हणजे संपायची वेळ साडेआठ. “दोनपासून धरलं तर आठला संपायला हवी, म्हणून थोडं जोरात” असा विचार करायचा नाही. डॉक्टरांनी सहा तास म्हटलंय, घड्याळातले आठ नाही.

बसवलेले थेंब बसून राहत नाहीत

या भागासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. २८ थेंब लावले, चार्टवर लिहिलं आणि पुढच्या कॉटकडे वळलं, की मुलीला वाटतं काम झालं. पण पंधरा मिनिटांनी परत मोजा, बहुधा कमीच भरतील. रोलरखाली दाबलेली प्लास्टिकची नळी हळूहळू सैलावते, तिचा आकार बदलतो आणि वाट अरुंद होते. सेट खराब आहे असं नाही, प्लास्टिकचा स्वभावच तो. म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी मोजणी ही सुरुवातीच्या कामाचाच भाग धरा. त्यानंतर दर तासाला. बाटलीत पोटॅशियम आहे, तेव्हा आजोबांच्या कॉटवरून जाता-येताना नजर असू द्या.

नळीखेरीज दर बदलणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण वॉर्डात नेहमी दिसणाऱ्या तीनच. हात: कॅन्युला कोपराजवळ असेल आणि आजोबांनी हात दुमडला की थेंब मंदावतात, सरळ केला की धावतात. उंची: ते उठून बसले, कॉट वर केली, बाथरूमला जाताना कुणी बाटली हातात कमरेएवढी धरली, की दर बदललाच. आणि माणसं: नातेवाइकांना वाटतं बॉटल जितकी लवकर चढेल तितकं बरं वाटेल, आणि रोलर तर समोरच लटकतोय. त्यांच्यावर ओरडून काही होत नाही. बाटली लावतानाच स्वच्छ सांगायचं: “आजी, याच्यात औषध मिसळलंय, पटकन गेलं तर छातीला त्रास होईल. रोलरला हात लावू नका, थांबली असं वाटलं तर मला हाक मारा.” कारण सांगितलं की बहुतेक माणसं ऐकतात. नुसतं “हाथ मत लगाना” म्हटलं तर तुमची पाठ वळायची वाट बघतात.

थेंब मोजून जे कळतं त्याच्यावर एक मोठा पंच आहे, तो म्हणजे बाटलीतली पातळी. पाकिटावरचा २० हा आकडा साध्या पाण्यासाठी ठरवलेला आहे. द्रव बदलला की थेंबही थोडा लहान-मोठा होतो. शिवाय तुम्ही मोजलं ते एक मिनिट, आणि गेला तो सगळा तास. त्या तासात काय झालं हे फक्त बाटली सांगते.

म्हणून बाटलीला उभी कागदी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर वेळा लिहा. प्लास्टिकवर थेट मार्करने लिहू नका, शाई आत झिरपू शकते. आजोबांच्या पट्टीवर असं येईल: साडेतीनला ४२५, साडेचारला ३४०, साडेपाचला २५५, साडेसहाला १७०, साडेसातला ८५. दर तासाला ८५ वजा करत जायचं, बस. बाटली उलटी टांगलेली असते, म्हणून छापलेल्या खुणांपैकी कोणत्या ओळीने वाचायचं ते एकदा बघून घ्या. बऱ्याच बाटल्यांवर सरळ आणि उलट अशा दोन्ही बाजूंनी आकडे असतात आणि घाईत उलटी ओळ वाचली जाते. डोळा पातळीच्या रेषेत आणा.

आणखी एक अडचण. मऊ प्लास्टिकची बाटली रिकामी होताना आत चेपते, आणि चेपलेल्या बाटलीवरची खूण खरी नसते. सेटच्या स्पाइकला हवेची फिल्टर असलेली झडप असेल आणि ती उघडायची राहिली असेल, तर ती उघडा. बाटलीच्या बुडाला सुई टोचून हवा सोडायची जुनी सवय अजून दिसते. वॉर्डातली हवा, धुळीसकट, सरळ आजोबांच्या शिरेच्या वाटेवर सोडल्यासारखं आहे ते. करू नका.

साडेपाचला पातळी जुळत नाही

आता खरी परीक्षा. साडेपाच वाजले. पट्टीप्रमाणे २५५ मिली उरायला हवे होते, बाटलीत दिसतायत ३३०. म्हणजे तीन तासांत १८० मिलीच गेले, तासाला ६०, सरासरी २० थेंब. तुम्ही मोजलं तर आत्ता २८ च पडतायत.

पहिलं काम रोलरला हात न लावता हात बघण्याचं. कॅन्युलाच्या भोवती सूज आहे का, त्वचा गार आणि ताणलेली आहे का, दुखतंय का? असेल तर द्रव शिरेबाहेर चाललाय. बाटली बंद करायची आणि सांगायचं. अशा वेळी रोलर उघडून थेंब “पूर्ण” करणं म्हणजे पोटॅशियम मांसात भरणं, आणि ते भाजल्यासारखी जखम करतं. आजोबांचा हात बरा निघाला. मग शेजारच्या आजीला विचारलं तेव्हा कळलं की आजोबा दुपारी कोपर दुमडून, त्यावर डोकं ठेवून तासभर झोपले होते. कारण सापडलं. मोजणी २८ येते आणि पातळी मागे आहे, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, तेही समजलं.

आता उरलेलं गणित. ३३० मिली आणि साडेआठपर्यंत तीन तास, म्हणजे तासाला ११०, भागिले ३, म्हणजे ३७ थेंब. नव्या मुली इथे ३७ लावून मोकळ्या होतात, आणि उत्तर बरोबर असल्यामुळे त्यांना शंकाही येत नाही. पण २८ चे ३७ म्हणजे जवळपास एक-तृतीयांश वाढ. बऱ्याच ठिकाणी शिकवला जाणारा दंडक असा, की मूळ दराच्या पाव हिश्शाहून जास्त वाढवायचं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. २८ चा पाव हिस्सा ७, म्हणजे मर्यादा ३५. तुमच्या वॉर्डाचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळा. आणि बाटलीत पोटॅशियम असेल, किंवा माणूस हृदयाचा, किडनीचा, फार वयस्कर असेल, तर मर्यादेच्या आतलं असलं तरी विचारा.

डॉक्टरांशी बोलताना “सर, बॉटल मागे पडलीय, वाढवू का?” असं विचारू नका, त्यावर “हो वाढव” एवढंच उत्तर येतं. आकडे सांगा: “पाचशे एनएस, एक केसीएल, सहा तासांत होतं. तीन तासांत १८० च गेलंय, हात दुमडला होता, सूज नाही. वेळेत संपवायचं तर ३७ थेंब करावे लागतील. तसं करू, की २८ च ठेवून उशिरा संपू देऊ?” समजा ते म्हणाले, २८ च ठेवा. मग ३३० भागिले ८५, म्हणजे जवळजवळ तीन तास त्रेपन्न मिनिटं. बाटली साडेआठऐवजी साडेनऊच्या थोडं आधी संपेल. जुनी पट्टी काढून नवी लावा: साडेसहाला २४५, साडेसातला १६०, साडेआठला ७५. जुन्या वेळांची पट्टी तशीच राहिली तर पुढची सिस्टर ती बघून रोलर उघडेल.

उलट प्रकार झाला असता, साडेपाचला फक्त ८० मिली उरलेले दिसले असते, तर? तीन तासांत ४३० गेले, तासाला १४३, म्हणजे कुणीतरी ४८ च्या आसपास थेंब करून ठेवले होते. इथे गणित नंतर. आधी बाटली अगदी मंद करायची, आजोबांकडे बघायचं: दम लागतोय का, खोकला येतोय का, नाडी कशी चाललीय, ऑक्सिजन किती दाखवतंय. लगेच डॉक्टरांना कळवायचं. उरलेले ८० मिली तीन तासांत पुरवून “वेळ जुळवायची” नाही. जास्त गेलेलं पाणी आणि पोटॅशियम त्याने बाहेर येत नाही, फक्त चार्ट नीटनेटका दिसतो.

थेंबांवर सोडायचं नाही असं काही

इन्सुलिन, हेपरिन, बीपी वाढवायची नॉरअॅड्रेनलिन किंवा डोपामिन, यांचं इन्फ्यूजन पंपावरच. तान्ह्या बाळाचंही. रोलरच्या सैलावण्याने आजोबांची बाटली तासभर मागे पडली तर निभावतं, पण या औषधांत तेवढीच चूक जीवावर बेतते. पंप नाही म्हणून मायक्रो सेटवर “तात्पुरतं” लावायला कुणी सांगितलं, तर तसं चार्टवर लिहून घ्या आणि त्या कॉटपासून हलू नका.

आठ वाजताचा हँडओव्हर

आजोबांची बाटली आता रात्रीच्या ड्यूटीत जाणार. आठला किती उरेल? साडेपाचपासून अडीच तास, तासाला ८५, म्हणजे २१२ गेले. ३३० मधून वजा केले की ११८ च्या आसपास. बाटलीत तेवढं दिसत असेल तरच लिहा. नसेल तर जे दिसतंय ते लिहा. तोंडी सांगताना “इनकी बॉटल चल रही है, रात को ख़त्म होगी” एवढ्यावर भागवू नका. रात्रीच्या सिस्टरला द्रव, मिसळलेलं औषध, सेट कितीचा, थेंब किती, आत्ता उरलेले मिली, संपायची वेळ आणि दुपारी मागे का पडली, हे सांगा. मग दोघी मिळून कॉटजवळ जा. तिने स्वतः मिनिटभर थेंब मोजावेत, कॅन्युलाभोवती बोट फिरवून पाहावं आणि पट्टी वाचावी. तिचा आकडा तुमच्यापेक्षा वेगळा आला तर तुम्ही अजून वॉर्डात असतानाच परत मोजून घ्या.